मी असं धरून चालते की...

लॉच्या पहिल्या वर्षाला कॉन्ट्रॅक्ट शिकवताना प्रॉब्लेम सोडवायचा दिवस आला की कुणीतरी हमखास विचारतं, 'मॅडम, यात टाइम दिलेलाच नाहीये, छापायचं राहिलंय का?' आणि मला मनापासून आनंद होतो, कारण टाइम दिलेला नाही हे ज्याला दिसलं त्याने प्रॉब्लेम नीट वाचलाय. बाकीच्यांनी वाचता वाचता आपल्या मनाने एक वेळ भरून टाकलेली असते आणि आपण ती भरली हे त्यांना कळलेलंही नसतं. दिवसा मी कोर्टात असते आणि संध्याकाळी शिकवते, त्यामुळे ही मनाने भरलेली वेळ मला दोन्हीकडे भेटते, अशिलाच्या हकिगतीतही आणि विद्यार्थ्याच्या पेपरातही. तिच्याबद्दलच लिहायचं खूप दिवस मनात होतं.

वर्गात मी जो प्रॉब्लेम देते तो असा आहे. सांगलीच्या अशोकने १ जूनला अकोल्याच्या वसंतला पत्र लिहिलं, 'माझी मोटारसायकल तुला ९०,००० रुपयांना देतो, ऑफर १० जूनपर्यंत खुली आहे.' वसंत कॉलेजात शिकतो. पत्र त्याला ४ जूनला मिळालं. ६ जूनला त्याने 'मला मान्य आहे' असं पत्र अशोकच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं. त्याच दिवशी अशोकला दुसऱ्या कुणीतरी १,०५,००० देऊ केले, म्हणून त्याने वसंतच्या मोबाईलवर मेसेज टाकला, 'ऑफर मागे घेतली आहे.' वसंतचं पत्र अशोकला ९ जूनला मिळालं. अशोक आणि वसंत यांच्यात करार झाला का? सल्ला द्या.

बस, एवढंच. आता यात काय काय दिलेलं नाही ते बघा. वसंतचं वय नाही. ६ तारखेला पत्र आधी पेटीत पडलं की मेसेज आधी आला ते नाही. मेसेज वसंतने वाचला का, वाचला तर कधी, तेही नाही. ऑफर १० तारखेपर्यंत खुली ठेवायची म्हणून वसंतने काही पैसे दिले होते का, यावर एक शब्द नाही. पेपर काढणारा यातलं काहीही विसरलेला नाही. मेसेज सकाळी नऊला वाचला आणि पत्र दुपारी दोनला टाकलं असं लिहिलं असतं तर तो कलम पाठ आहे का एवढं बघायचा प्रश्न झाला असता. वेळ काढून घेतली की मग कळतं, सगळं उत्तर ज्या एका खिळ्यावर लटकतंय तो खिळा या मुलाला दिसला का ते.

आधी कायदा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं हवेत राहील. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ४ आणि ५. ऑफर देणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर स्वीकृती पूर्ण होते ती स्वीकारणाऱ्याने पत्र असं रवाना केलं की आता ते त्याच्या हातात उरलं नाही तेव्हा, म्हणजे पेटीत टाकलं की झालं, अशोक बांधला गेला. स्वीकारणाऱ्याच्या बाजूने मात्र ती पूर्ण होते ते ऑफर देणाऱ्याला कळलं की. म्हणजे ६ तारखेपासून ९ तारखेपर्यंत अशोक बांधलेला आणि वसंत मोकळा अशी मजेदार स्थिती असते, त्या तीन दिवसांत वसंत वाटलं तर फोन करून 'नको मला' म्हणू शकतो आणि अशोक काहीच करू शकत नाही. इंग्लंडमध्ये पोस्टाचा नियम दोघांनाही एकाच क्षणी बांधतो, आपल्याकडे १८७२ पासून हे असं दोन टप्प्यांत आहे, आणि इंग्लिश पुस्तकं वाचून आलेली मुलं इथेच घसरतात. ऑफर मागे घ्यायची तर ती अशोकविरुद्ध स्वीकृती पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे पत्र पेटीत पडायच्या आत घ्यायला हवी, आणि मागे घेतल्याचं वसंतच्या बाबतीत पूर्ण होतं ते त्याला कळलं तेव्हा. अशोकने मेसेज पाठवला एवढ्याने वसंतचं काही जात नाही.

म्हणजे खिळा कुठे आहे ते दिसलं ना? पत्र पेटीत पडायच्या आधी वसंतला मागे घेतल्याचं कळलं होतं की नाही. सगळं तिथे अडकलंय, आणि नेमकं तेच सांगितलेलं नाही.

इथे मुलांच्या तीन जाती होतात. पहिली जात गप्प बसून एक गोष्ट धरते आणि पुढे जाते. 'वसंतने पत्र टाकल्यानंतर अशोकने मेसेज केला, म्हणून करार झाला.' वाक्य बरोबर वाटतं, निकालही कदाचित बरोबर असेल, पण 'नंतर' हा शब्द प्रश्नात कुठेच नाही, तो या मुलाने घातलाय आणि प्रश्नातला असल्यासारखा घातलाय. तपासणारा तिथे लाल पेनाने गोल करतो. दुसरी जात घाबरते. 'आधी कळलं असेल तर करार नाही, नंतर कळलं असेल तर करार आहे, त्यामुळे हे परिस्थितीवर अवलंबून आहे.' यात खोटं काहीच नाही, पण सल्ला मागितला होता आणि तो दिलेला नाही. अशोक तुमच्यासमोर खुर्चीवर बसलाय, त्याच्याकडे १,०५,००० वालं गिऱ्हाईक थांबलंय, गाडी देऊ की नको एवढंच त्याला विचारायचंय, आणि तुम्ही त्याला सांगताय की अवलंबून आहे. तिसरी जात थोडी असते. ती आपण काय धरलं ते उघड सांगते, का धरलं ते सांगते, त्यावर उभं राहून ठाम उत्तर देते, आणि उलट निघालं तर काय होईल तेही एका ओळीत सांगून मोकळी होते.

या तिसऱ्या जातीत कसं जायचं ते सांगते, आणि त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी, म्हणजे काय धरायचं नाही ते ओळखणं. मुलांना एकदा 'असम्प्शन लिहा' असं सांगितलं की ती सुटतात. पानभर असम्प्शन. गाडीची कागदपत्रं व्यवस्थित आहेत असं धरू, अशोक वेडा नाही असं धरू, पोस्टाने पत्र हरवलं नाही असं धरू. अरे, पत्र ९ तारखेला मिळालं असं लिहिलंय की! माझी एक साधी कसोटी आहे, उलट धरून बघायचं. ती गोष्ट उलटी केली तर निकाल बदलतो का? बदलत नसेल तर त्यावर एक शब्द लिहू नका. समजा मेसेज ६ ऐवजी ७ जूनला पाठवला असता, तर सकाळी की संध्याकाळी, वाचला की नाही, सगळं फिजूल झालं असतं, कारण पत्र ६ लाच पेटीत पडलंय आणि दार बंद झालंय. वेळ न दिल्याचा त्रास एवढ्याचसाठी होतो की दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्यात.

याच कसोटीने १० जूनची मुदत घेऊ. बरीच मुलं इथे अडकतात, अशोकने १० पर्यंत खुली ठेवतो म्हटलं होतं मग ६ ला मागे कशी घेतली, फसवणूक झाली. नाही. खुली ठेवण्याचं वचन मोबदल्याशिवाय दिलं असेल तर ते बांधत नाही, कलम २५ चा नियम तोच, आणि प्रश्नात मोबदल्याचा उल्लेख नाही. मग आता 'मी असं धरते की मोबदला दिला नाही' असं लिहायचं का? माझं मत, असम्प्शन म्हणून लिहू नका. 'मुदत पाळण्यासाठी वसंतने काही दिल्याचं प्रश्नात नाही, म्हणून अशोक मुदतीआधी ऑफर मागे घ्यायला मोकळा होता' असं लिहा. हे काही धरणं नव्हे, हे वाचणं आहे. पैसे देणं ही अशी गोष्ट आहे की घडली असती तर प्रश्नात आली असती. जिथे प्रश्न कुठलीच खूण न ठेवता गप्प आहे तिथे जे नेहमी असतं तेच आहे असं वाचायचं. जिथे प्रश्न एक खूण टाकून मग गप्प बसतो, तिथे त्या गप्प बसण्यामागे कुणाचा तरी हात आहे हे ओळखायचं.

आणि अशी खूण वयाबद्दल आहे. 'वसंत कॉलेजात शिकतो.' हे वाक्य काढून टाकलं तरी गोष्ट चालली असती, तरी ते ठेवलंय. कॉलेजात शिकणारा मुलगा सतरा वर्षांचा असू शकतो, एकवीस वर्षांचाही. १८ पूर्ण नसतील तर तो अज्ञान, आणि अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगितलेलं प्रत्येक लॉच्या पोराला तोंडपाठ असतं. उलटं करून बघितलं तर निकाल बदलतो, म्हणजे हे लिहायलाच हवं. पण कुठलं धरायचं?

इथे एक मोह होतो आणि हुशार मुलांनाच जास्त होतो. 'मी असं धरतो की वसंत अज्ञान आहे, त्यामुळे करार रद्दबातल, त्यामुळे बाकीच्या प्रश्नाला हात घालायची गरज नाही.' चार ओळींत काम खलास! कायदा चुकला नाही, केसही बरोबर सांगितली, आणि तरी हे उत्तर नापास व्हायच्या लायकीचं आहे, कारण असम्प्शनने प्रश्नाचाच जीव घेतला. पेपर काढणाऱ्याने पाच तारखा, दोन पत्रं, एक मेसेज अशी सगळी मांडामांड केली ती या चार ओळींसाठी केलेली नाही. असम्प्शन रस्ता मोकळा करण्यासाठी असतं, रस्ता बंद करण्यासाठी नाही. म्हणून वयाचं असं लिहायचं, 'वसंतचं वय दिलेलं नाही. तो कॉलेजात शिकतो म्हणजे १८ पूर्ण झालेला असणं सहज शक्य आहे, म्हणून तो सज्ञान आहे असं मी धरते. तो अज्ञान असल्यास करार मुळातच रद्दबातल ठरेल आणि पुढचे मुद्दे उरणार नाहीत.' दोन-तीन वाक्यं, आणि पुढे चला. खऱ्या अशिलाच्या बाबतीत हे धरायचंसुद्धा नसतं हो, शाळा सोडल्याचा दाखला मागवायचा असतो. पण पेपरात दाखला मागवता येत नाही, म्हणून तर 'धरते' म्हणायचं.

आता मुख्य खिळा. ६ जूनला काय आधी घडलं?

इथे थोडं थांबून बघितलं तर शक्यता तीन आहेत, आणि बहुतेकांना दोनच दिसतात. एक, वसंतने मेसेज वाचला आणि मग पत्र टाकलं. दोन, पत्र टाकलं आणि त्यानंतर मेसेज आला. तीन, मेसेज फोनवर येऊन पडला होता, वसंतने बघितला नव्हता, त्याने पत्र टाकलं, घरी आला, मग फोन बघितला. तिसरी शक्यता आजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त घडणारी आहे आणि नेमकी तीच पेपरात लिहिली जात नाही.

तिसऱ्या शक्यतेत अडचण वस्तुस्थितीची नाही, कायद्याची आहे. मेसेज फोनवर येऊन पडला म्हणजे 'कळलं' का? आणि इथे मला सगळ्यात जास्त चिडवणारं वाक्य येतं, 'मी असं धरतो की मेसेज पोचला म्हणजे वसंतला कळलं.' नाही हो. घटना धरता येते, कायदा धरता येत नाही. प्रश्नात न सांगितलेली घटना तुमच्या हातात नाही, ती कुणाच्याच हातात नाही, म्हणून ती धरायची परवानगी आहे. कायद्याचा अर्थ मात्र तुमच्यासमोर पुस्तकात पडलाय, त्यात शंका असेल तर दोन्ही बाजूंनी वाद घालायचा आणि एक बाजू घ्यायची.

हा फरक किती खरा आहे ते बघायचं असेल तर भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल हा १९६६ च्या एआयआर या निकालांच्या संग्रहातला सुप्रीम कोर्टाचा निकाल काढा. त्यात आपल्या बुलढाण्याचं खामगाव आहे. अहमदाबादच्या पार्टीने खामगावच्या पार्टीला ट्रंक कॉलवर सरकीची पेंड विकत घ्यायची ऑफर दिली आणि खामगावहून फोनवरच होकार आला, माल मिळाला नाही म्हणून दावा लागला, आणि प्रश्न निघाला की करार झाला कुठे, होकार बोलला गेला त्या खामगावात की ऐकला गेला त्या अहमदाबादेत, कारण दावा कुठे चालणार ते त्यावर होतं. शहा आणि वांछू या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं, फोनवर माणसं समोरासमोर असल्यासारखीच असतात, पोस्टाचा नियम इथे लावायचा नाही, होकार ऐकला गेला तिथे करार झाला. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं, की कलम ४ चे शब्द आहेत तसे वाचले तर होकार बोलणाऱ्याच्या ताब्यातून सुटला तिथेच, म्हणजे खामगावात, करार झाला. घटना तीच, तीन न्यायमूर्ती, दोन निष्कर्ष. पण कुणीही 'आम्ही असं धरतो' म्हणून कायदा धरला नाही, कारणं देऊन भांडले.

तर तसंच आपणही भांडायचं. कलम ४ चा मजकूर म्हणतो, मागे घेणं हे ज्याला कळवायचं त्याला ते माहीत होईल तेव्हा त्याच्याविरुद्ध पूर्ण होतं. पण त्याच कलमाखाली उदाहरणं दिलीयत, त्यात तारेने ऑफर मागे घेतल्याचं उदाहरण आहे आणि तिथे शब्द वेगळा आहे, समोरच्याला तार मिळाली की पूर्ण. माहीत होणं आणि मिळणं. १८७२ साली या दोघांत फार अंतर नव्हतं, तारवाला दारात उभा राहून तार हातात द्यायचा आणि माणूस तिथेच फोडून वाचायचा. आज मेसेज मिळतो सकाळी आणि माहीत होतो संध्याकाळी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक गोष्ट कधी पाठवली आणि कधी पोचली म्हणायची ते सांगितलंय, पण ते पोचण्याबद्दल आहे, कळण्याबद्दल नाही. मी स्वतः मजकुराच्या बाजूने उभी राहते. उदाहरण हे कलम समजायला मदत म्हणून असतं, कलमाच्या शब्दांना आखूड करायला नाही, आणि मजकुरात 'माहीत होणं' स्पष्ट आहे. शिवाय न्यायाचं बघा, ज्याला पत्ताच नाही त्याने भरवशावर पत्र टाकलं, त्याची चूक काय? हो, कुणी मेसेज आलाय हे बघून मुद्दाम उघडला नाही तर गोष्ट वेगळी, तिथे मी त्याच्या बाजूने बोलणार नाही. पण आपल्या प्रश्नात तशी खूण नाही. तर तिसरी शक्यता दुसरीसारखीच झाली, करार आहे.

म्हणजे आता तीनाच्या दोन राहिल्या, पत्र टाकायच्या आधी वसंतला माहीत होतं किंवा नव्हतं. आता कुठलं धरायचं? बहुतेक क्लासमध्ये सांगतात, कुठलंही धर, फक्त सांग. मला हे पटत नाही. कुठलंही धरायचं असेल तर नाणं उडवा ना. आणि याच जागी मला वाटतं की कोर्टात रोज जे होतं ते पेपरातल्या मुलाला कुणी सांगतच नाही. कोर्टातही वेळा मिळत नाहीत. अशील म्हणतं, मॅडम आठवत नाही हो, त्या दिवशी बाजार होता एवढं आठवतंय. फोन बदललेला असतो, मेसेज गेलेले असतात. आणि तरी कोर्ट निकाल देतं, 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असं लिहून जज घरी जात नाहीत. कसं देतात? शाबितीच्या भारावरून. जी गोष्ट कळत नाही ती शाबीत करायची कुणी, हे ठरलेलं असतं, आणि ती शाबीत झाली नाही की त्याच्या विरुद्ध जातं. आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १०४, आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात १०१ होतं, सांगणं तेच, ज्या घटनेच्या जोरावर तुम्हाला निकाल हवाय ती घटना तुम्ही शाबीत करा.

मग लावून बघा. वसंतला करार आहे म्हणायचंय, तर त्याने ऑफर आणि पोस्टात टाकलेली स्वीकृती दाखवायची. दोन्ही प्रश्नात दिलंय. त्याचं काम झालं. आता अशोकला म्हणायचंय की नाही नाही, त्याआधी मी मागे घेतली होती आणि त्याला ते माहीत झालं होतं. हे अशोकचं म्हणणं आहे, ते त्याने शाबीत करायचं. प्रश्नात ते नाही. तर जोपर्यंत काही नाही तोपर्यंत वसंतला माहीत नव्हतं असंच धरायचं, आणि हे धरणं मनाला आलं म्हणून नाही, कायदाच तसं धरतो म्हणून. असम्प्शनच्या पाठीमागे 'कारण' असं लिहिता आलं की त्याचा रंगच बदलतो, तपासणाऱ्याला ते पेपरातली जागा भरल्यासारखं न वाटता वकिलाने विचार केल्यासारखं वाटतं.

तर त्या जागी मी उत्तर असं लिहीन, 'पत्र पोस्टात टाकणं आणि मेसेज, दोन्ही ६ जूनला झालं, कुठलं आधी ते दिलेलं नाही. पत्र टाकण्यापूर्वी ऑफर मागे घेतल्याचं वसंतला माहीत होतं, हे म्हणणं अशोकच्या फायद्याचं असल्याने ते शाबीत करण्याचा भार अशोकवर आहे. तसं काही प्रश्नात नसल्याने वसंतला पत्र टाकेपर्यंत ते माहीत नव्हतं असं मी धरते. त्यामुळे कलम ४ नुसार पत्र पोस्टात पडताच अशोकविरुद्ध स्वीकृती पूर्ण झाली आणि कलम ५ नुसार त्यानंतर ऑफर मागे घेता येत नव्हती. ६ जूनला करार झाला. वसंतने पत्र टाकण्यापूर्वीच मेसेज वाचला होता असं अशोकने शाबीत केलं तर मात्र करार झालेला नाही.'

यात कशावर किती जागा गेली ते बघा. धरलेल्या बाजूवर सगळं, उलट बाजूवर एक वाक्य. पुष्कळ मुलं दोन्ही फांद्या सारख्याच लांब लिहितात, अर्धं पान 'जर', अर्धं पान 'जर नाही', आणि मग तपासणाऱ्याने स्वतः निवड करायची. उलट बाजूवर एकच वाक्य पुरतं, कारण तिचं काम एवढंच की निकाल कुठल्या एका गोष्टीवर टेकलाय ते दाखवायचं. आणि हे असम्प्शन उत्तराच्या सुरुवातीला 'गृहीतके' असं हेडिंग देऊन टाकू नका, ज्या जागी लागतं त्या जागी, त्या मुद्द्याच्या पोटात लिहा. वर एकत्र टाकलं की वाचणाऱ्याला कळत नाही कुठलं कशासाठी, आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही पुढे आठवत नाही, मग पान तीनवर तो स्वतःच्याच असम्प्शनच्या उलट लिहून बसतो. हे मी पेपरात फार बघितलंय, वर लिहिलंय की वसंतला माहीत नव्हतं, आणि खाली लिहिलंय 'वसंतने मेसेज वाचूनही मुद्दाम पत्र टाकलं'. असं झालं की आधी लिहिलेलं चांगलं उत्तरही पडतं.

शेवटी निष्कर्षाचं वाक्य. त्यात 'कदाचित', 'बहुधा', 'कोर्टाला वाटल्यास' हे नको. मुलांना वाटतं की ज्या निकालाखाली असम्प्शन आहे तो निकाल डळमळीत, म्हणून वाक्यही डळमळीत लिहायचं. उलट आहे. सगळी शंका असम्प्शनच्या वाक्यात सांगून झाली, एकदा सांगितली, आता ती परत निष्कर्षात कशाला आणायची? 'करार ६ जूनला झाला. अशोकने गाडी दुसऱ्याला विकली तर तो कराराचा भंग ठरेल.' पूर्णविराम. आणि अशोक खुर्चीवर बसला असेल तर त्याला पुढचंही सांगायचं, की बाबा, वसंतने मेसेज सकाळीच वाचला असं तुझ्याकडे काही आहे का, निळ्या टिका, त्याचा 'ओके' असा रिप्लाय, काहीही, असेल तर आण, सगळं चित्र फिरेल. नसेल तर १,०५,००० वाल्याला नाही म्हण. वकिलांच्या लेखी ओपिनियनमध्ये 'आमच्यापुढे ठेवलेल्या कागदपत्रांवरून' असं लिहितात तेही हेच, मत ठाम, पण कशावर उभं राहून दिलं ते लिहून ठेवलेलं.

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरचा कुणीतरी विचारतोच, 'मॅडम, पण पत्र पेटीत पडलं आणि त्याच सेकंदाला त्याने मेसेज वाचला तर?' सगळे हसतात. मी मात्र त्याला पुस्तक उघडायला लावते, कलम ५ खालचं उदाहरण, आणि मोठ्याने वाचायला लावते. त्यात लिहिलंय की ऑफर देणारा समोरच्याने पत्र पोस्टात टाकण्यापूर्वी किंवा टाकतो त्या क्षणी ऑफर मागे घेऊ शकतो, त्यानंतर नाही. त्या क्षणीसुद्धा. म्हणजे एकच सेकंद निघाला तर अशोक सुटला, करार नाही, कायद्याने उत्तर देऊन ठेवलंय, तिथे काही धरायची गरजच नाही. मग मी त्याच मुलाला सांगते, आता हा सेकंद एकच होता हे कोर्टात शाबीत कोण आणि कसं करणार ते लिहून आण.